‘खालीलप्रमाणे’च्या पुढे काय? बुलेट, कोलन आणि चौदा बाटल्या

आधी हे तीन ठिपके वाचा. आमच्या प्रयोगशाळेत विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजताना जी कार्यपद्धती भिंतीवर लावलेली होती, तिच्यातला हा एक तुकडा आहे.

नमुना बाद करावा :-
• बाटलीचे सील तुटलेले
• पोहोचताना तापमान ६ अंशांपेक्षा जास्त.
• संकलनानंतर ४८ तास उलटून गेले असल्यास

नायट्रेटसाठी घेतलेला नमुना थंड ठेवायचा आणि ४८ तासांच्या आत तपासायचा, नाहीतर बाटलीतले जिवाणू नायट्रेटचं प्रमाण बदलून टाकतात. एवढ्या साध्या कारणासाठी लिहिलेली ही यादी. आता मला सांगा, एखाद्या बाटलीचं सील शाबूत आहे, ती वेळेत आली आहे, पण तापमान ९ अंश आहे. ती बाद करायची की ठेवायची?

मी म्हणाले, बाद. माझा सहकारी म्हणाला, ठेवायची. तिन्ही गोष्टी झाल्या तरच बाद. आमच्याकडे ६४ नमुने होते. त्यांपैकी ३ बाटल्यांचं सील तुटलं होतं, ८ गरम आल्या होत्या, ६ उशिरा आल्या होत्या. एका बाटलीत तिन्ही दोष होते आणि आणखी एक गरमही होती, उशिराही आली होती. माझ्या वाचनाने १४ बाटल्या गेल्या आणि ५० उरल्या. त्याच्या वाचनाने एकच गेली आणि ६३ उरल्या. आम्ही दोघांनी आपापले आकडे गाइडना पाठवले आणि तिथून पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका.

या यादीत चुकीचं काय होतं, ते आज बघू. विरामचिन्हं हा शोभेचा प्रकार आहे, शेवटी प्रूफ बघताना उरकून टाकायचा, असं मलाही वाटायचं. संशोधन अहवालासाठी आपल्याला जे फॉरमॅटचे नियम हातात देतात त्यांचाही तोच समज असतो. ‘प्रत्येक बुलेट कॅपिटलने सुरू करा आणि पूर्णविरामाने संपवा’ असा एक नियम मी किमान तीन वेगवेगळ्या सूचनापत्रकांत पाहिला आहे. माझं म्हणणं असं की हा नियम सोपा आहे, पण चुकीचा आहे. यादीतलं चिन्ह त्या ओळीचं व्याकरण काय आहे ते सांगत असतं. व्याकरण न बघता सगळीकडे एकच चिन्ह लावलं, की यादी व्यवस्थित दिसते आणि तिच्यातला गोंधळ झाकला जातो.

वरच्या यादीकडे परत जाऊ. पहिली ओळ नुसता शब्दसमूह आहे, दुसरीही तशीच पण तिच्यापुढे पूर्णविराम आहे, तिसरी ‘असल्यास’ने संपणारी अट आहे. माझा सहकारी म्हणाला होता, ‘दुसऱ्यानंतर टिंब आहे, म्हणजे तिथपर्यंत एक जोडी आहे आणि ती संपली.’ तेव्हा मी हसले होते, पण त्याचं वाचन वेडगळ नव्हतं. पूर्णविराम तेच सांगतो. बरं, मुख्य भानगड टिंबाचीही नाही. ‘आणि’ की ‘किंवा’ हे सांगणारा एकही शब्द किंवा चिन्ह त्या यादीत नाही, ही आहे.

जुन्या इंग्रजी पद्धतीत हे काम ओळीच्या शेवटी व्हायचं. प्रत्येक मुद्द्यानंतर अर्धविराम, शेवटून दुसऱ्यानंतर अर्धविराम आणि ‘ऑर’ किंवा ‘अँड’, शेवटच्यानंतर पूर्णविराम. म्हणजे ठिपके काढून टाकले तरी एक लांबलचक पण शुद्ध वाक्य उरतं. कायद्याच्या मसुद्यात आजही असंच लिहितात, आणि त्यामागे कारण आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्यातलं ओकहर्स्ट डेअरीचं प्रकरण तुम्ही कदाचित ‘स्वल्पविरामाचा खटला’ म्हणून ऐकलं असेल. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांची एक यादी होती: डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, टिकवणं, गोठवणं, वाळवणं, विकणं, साठवणं, मग ‘पाठवणीसाठी बांधणी किंवा वितरण’, आणि त्यानंतर ‘ऑफ’ला कोलन देऊन खाली तीन क्रमांकित प्रकारचा माल. ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग प्रश्न असा की ‘वितरण’ हे यादीतलं स्वतंत्र काम आहे, की ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी’ हे सगळं मिळून एकच काम? दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर वितरण करत, बांधणी करत नसत. वितरण स्वतंत्र धरलं तर त्यांना ओव्हरटाइम नाही, नाहीतर आहे.

मार्च २०१७ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की मजकूर संदिग्ध आहे, आणि वेतनाच्या कायद्यातली संदिग्धता कामगारांच्या बाजूने सोडवायची असते. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. सगळे लोक इथपर्यंतची गोष्ट सांगतात आणि स्वल्पविरामाला टाळ्या देतात. मला त्यातल्या दोन कमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, ड्रायव्हरांच्या बाजूचा एक मुद्दा चिन्हाचा नव्हताच, तो शब्दांच्या रूपाचा होता. बाकीची कामं ‘-इंग’ रूपात होती, पण ‘शिपमेंट’ आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ दोन्ही नामं होती, म्हणजे ती एकमेकांची जोडीदार दिसत होती. दोन, विधिमंडळाने नंतर दुरुस्ती केली तेव्हा नुसता एक स्वल्पविराम घालून भागवलं नाही. प्रत्येक कामानंतर अर्धविराम टाकला आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं. मुद्दा कुठे संपतो ते चिन्हाने सांगितलं आणि मुद्दे एका जातीचे आहेत ते शब्दरूपाने सांगितलं. आमच्या भिंतीवरच्या यादीत या दोन्हींचा पत्ता नव्हता.

मग आपणही अहवालात प्रत्येक ओळीनंतर अर्धविराम आणि शेवटी ‘किंवा’ लिहायचं का? मी नको म्हणेन. कारण अहवाल हा कायद्यासारखा एकदा मंजूर होऊन थांबत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी चौथी अट खाली जोडतं. तेव्हा ‘किंवा’ दुसऱ्या ओळीच्याच टोकाला अडकून राहतो, तिसऱ्या ओळीचा पूर्णविराम तसाच राहतो आणि चौथी ओळ त्या पूर्णविरामानंतर अनाथासारखी लोंबकळते. असे दोन पूर्णविराम असलेली यादी कुठल्याही अहवालात दिसली, की समजावं, शेवटची ओळ मागाहून आली आहे. मी तर आता इतरांचे प्रबंध वाचताना हे पुरातत्त्वाच्या थरांसारखं बघते. दुसरं कारण असं की ‘किंवा’ वाचकाला फार उशिरा भेटतो. दोन अटी वाचून झाल्यावर कळतं की यांतली एकच पुरे होती.

ब्रिटिश सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या संकेतस्थळाची लेखनशैली या बाबतीत दुसऱ्या टोकाला जाते. यादीच्या आधी प्रास्ताविक ओळ हवीच, तिच्यानंतर कोलन, प्रत्येक मुद्दा लहान अक्षराने सुरू, शेवटी काहीही नाही; अर्धविराम नाही, ‘अँड’-‘ऑर’ नाही, शेवटच्या ओळीनंतर पूर्णविरामसुद्धा नाही. मात्र क्रमवार पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरीला पूर्णविराम, कारण पायरी हे पूर्ण वाक्य असतं. मायक्रोसॉफ्टच्या शैलीतही ओळीच्या शेवटी अर्धविराम किंवा ‘अँड’ नको म्हणतात, पण मुद्दा कॅपिटलने सुरू करा म्हणतात. टोकाची चिन्हं काढली, की ‘आणि की किंवा’ हे सांगायची जबाबदारी वरच्या ओळीवर येते. ‘पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट आढळल्यास’ असं आधीच लिहिलं तर नंतर चौथी, पाचवी अट आली तरी बिघडत नाही. मला हे पटतं. पण मग ती ओळ कंजूषपणे लिहून चालत नाही. ‘नमुना बाद करावा’ एवढ्यावर थांबून टोकाची चिन्हंही काढली तर दोन्ही आधार गेले.

आता कोलन आणि कॅपिटल. इथे शैलीपुस्तकांत उघड भांडण आहे आणि ते माहीत असलेलं बरं, म्हणजे गाइड एक म्हणतात आणि जर्नल दुसरं म्हणतं तेव्हा आपण खुळ्यात निघत नाही. एपीएच्या सातव्या आवृत्तीचा नियम असा की कोलनच्या आधीचं वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहणारं हवं. ‘द ऑब्जेक्टिव्ज ऑफ द स्टडी आर’ हे उभं राहत नाही, म्हणून ‘आर’नंतर काहीच चिन्ह न देता सरळ यादी सुरू करायची. ‘इन्क्लूड’नंतरही तसंच. जीओव्ही डॉट यूके मात्र अर्धवट वाक्यानंतरही बिनधास्त कोलन देतं. दोघांपैकी कोणाचंही चालेल. एकाच अहवालात दोन्ही चालणार नाहीत.

माझ्या स्वतःच्या संशोधन आराखड्याचं उद्दिष्टांचं पान मी या निमित्ताने पुन्हा काढलं. ‘आर’ आणि कोलन, आणि खाली तीन मुद्दे. पहिला, ६४ विहिरींतलं नायट्रेट मोजणं, इंग्रजीत ‘टू मेझर’ने सुरू. दुसरा, विहिरीची खोली आणि नायट्रेट यांचा संबंध तपासणं, ‘टू एग्झॅमिन’ने सुरू. दोन्हीकडे ‘टू’चा टी कॅपिटल आणि शेवटी पूर्णविराम, सूचनापत्रकाबरहुकूम. तिसरा मुद्दा: ‘सीझनल व्हेरिएशन विल ऑल्सो बी स्टडीड.’ हाही कॅपिटलने सुरू, पूर्णविरामाने बंद. दिसायला तिन्ही जुळे.

आता ठिपके काढून, एका दमात, वरच्या ओळीला जोडून वाचा. ‘उद्दिष्टे आहेत’ला ‘टू मेझर’ जोडलं जातं. ‘टू एग्झॅमिन’ही जोडलं जातं. तिसरं जोडलंच जात नाही. ते आपलं वेगळं वाक्य आहे. आणि मी ते तसं का लिहिलं होतं ते आठवल्यावर मला जरा लाज वाटली. ऋतूनुसार फरक हे माझं उद्दिष्ट नव्हतंच. जमलं तर बघू, अशी ती इच्छा होती. कर्मणी प्रयोगात, ‘ऑल्सो’ लावून, मी ती उद्दिष्टांच्या रांगेत घुसवली होती, आणि सारखे कॅपिटल, सारखे पूर्णविराम यांमुळे ती खपून गेली. व्याकरणाप्रमाणे चिन्हं लावायची ठरवली असती तर पहिल्या दोन ओळींचा टी लहान झाला असता, तिसरीचा एस कॅपिटल राहिला असता आणि घुसखोर लगेच दिसला असता.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एकतर ‘आर’ तसंच ठेवून तिन्ही ओळी ‘टू’ने, लहान टीने सुरू करायच्या. किंवा वरचं वाक्यच पूर्ण करायचं: या अभ्यासाची दोन उद्दिष्टं आहेत, आणि मग कोलन. मी दुसरा मार्ग घेते, कारण त्यात आकडा येतो. आकडा दिला की खाली तिसरी ओळ कोणी चिकटवली तर वाचकाला मोजून कळतं.

इथपर्यंत सगळं इंग्रजीचं झालं. पण आमची कार्यपद्धती मराठीत होती. ग्रामपंचायतींना द्यायचा सारांशही मराठीतच असतो. आणि इंग्रजीचे नियम उचलून मराठीत ठेवले की दोन ठिकाणी अडतं.

पहिलं ठिकाण क्रियापदाचं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून वाक्य मध्ये तोडून उरलेला भाग ठिपक्यांत घालता येतो. मराठीत ते शेवटी येतं. तोच प्रयोग करून बघा:

आम्ही नमुने
• विहिरी
• हातपंप
• नळ
येथून गोळा केले.

‘येथून गोळा केले’ ही शेपूट यादीच्या खाली एकटी पडते. शिवाय विहिरीतून, हातपंपावरून, नळातून असे प्रत्येकाचे प्रत्यय वेगळे, ते सगळे ‘येथून’मध्ये कोंबावे लागतात. म्हणून ‘खालीलप्रमाणे’, ‘पुढील ठिकाणांहून’ हे शब्द. सरकारी मराठीची चेष्टा करताना आपण या शब्दांना हसतो, पण ते फार कामाचे आहेत. त्यांच्यामुळे क्रियापद यादीच्या आधीच येऊन जातं: ‘नमुने पुढील ठिकाणांहून गोळा केले:’. म्हणजे वाक्य पूर्ण करून मगच कोलन द्यायचा, ही जी शिस्त एपीएला नियम करून सांगावी लागते, ती मराठी वाक्यरचना आपल्याकडून जवळजवळ आपोआप करून घेते. ती मोडते ती फक्त इंग्रजीतून शब्दशः उतरवलेल्या अहवालांत.

दुसरं ठिकाण कॅपिटलचं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. इंग्रजीत ओळ पूर्ण वाक्य आहे की तुकडा, हे दोन खुणा सांगतात, सुरुवातीचं कॅपिटल आणि शेवटचं टिंब. मराठीत एकच खूण उरते, शेवटची. म्हणून ब्रिटिश पद्धतीप्रमाणे टिंबंही काढून टाकली तर मराठी यादीत वाक्याची एकही खूण शिल्लक राहत नाही. त्याचा तोटा असा होतो. ‘नमुना गाळलेला’ अशी ओळ अहवालात येते. ती गाळलेला होता, अशी नोंद आहे, की गाळलेला असावा, अशी सूचना? मराठीत ‘होता’ आणि ‘असावा’ गाळूनही ओळ बरी वाटते, त्यामुळे लिहिणाऱ्याला काही खटकत नाही. तिथे पूर्णविराम द्यायचं ठरवलं की हात अडखळतो, कारण टिंब क्रियापद मागतं. तुकडे असतील तर टिंब नाही. वाक्यं असतील तर प्रत्येकाला क्रियापद आणि टिंब. आणि एका यादीत दोन्हींची भेळ नाही. मराठीपुरता माझा नियम एवढाच. ‘बाटली नमुन्याच्याच पाण्याने तीनदा खंगाळावी.’ या ओळीला टिंब हवं. ‘विहिरी’ला नको.

आता राहिला आपला लाडका कोलन-डॅश, ‘:-’. शाळेच्या व्याकरणात कोलनला अपूर्णविराम म्हणतात आणि पुढे तपशील येतो हे तो एकटाच सांगू शकतो. डॅशने त्यात काही भर पडत नाही. उलट तोटा आहे. वर्डमध्ये ‘:-’ला लागून कंस टाइप केला की ऑटोकरेक्ट त्याचा चेहरा करून टाकतो. ‘खालीलप्रमाणे :-(अ)’ लिहायला गेलं की अहवालात एक रडका चेहरा उमटतो. एका मसुद्यात तो गाइडपर्यंत पोहोचला होता. त्यांनी त्यावर शेरा मारला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर कोलनच्या कळीवर ‘छ’ असतो आणि विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या कळीवर मिळतो. त्यामुळे पुष्कळ जण कोलनच्या जागी विसर्ग टाइप करतात: ‘पुढीलप्रमाणेः’. छापल्यावर दोन टिंबं ती दोन टिंबंच. पण विसर्ग हे अक्षराला चिकटणारं चिन्ह आहे. संगणकाच्या दृष्टीने तो शब्द आता वेगळा झाला, शोधताना ‘पुढीलप्रमाणे’ हा पूर्ण शब्द म्हणून सापडत नाही. आणि मध्ये जागा सोडून विसर्ग दिला की बऱ्याच ठिकाणी तुटक रेषेचं एक वर्तुळ दिसतं, तेव्हा तरी चोरी पकडली जाते. उलटी चूकही तितकीच होते: ‘मुख्यतः’मध्ये विसर्गाऐवजी कोलन. अहवाल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असेल तर ओळीच्या शेवटी बसलेले विसर्ग या एका आज्ञेने सापडतात:

```
grep -nP 'ः\s*$' ahval.txt
```

‘स्वतः’ किंवा ‘मुख्यतः’ने खरोखर संपणारी एखादी ओळ त्यात येईल, ती सोडून द्यायची. बाकीच्या सगळ्या यादीच्या आधीच्या ओळी निघतात. माझ्या एका प्रकरणात अशा अकरा निघाल्या.

भिंतीवरचा कागद आम्ही बदलला. आता तो असा आहे:

पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट आढळल्यास नमुना बाद करावा:
• बाटलीचे सील तुटलेले असणे
• प्रयोगशाळेत पोहोचताना तापमान ६ अंश सेल्सियसपेक्षा जास्त असणे
• संकलनापासून ४८ तासांहून अधिक वेळ गेलेला असणे

तिन्ही ओळी ‘असणे’ने संपतात. त्या तुकडे आहेत, म्हणून टिंब नाही. सहकाऱ्याला ‘असणे’ तीनदा वाचायला कंटाळवाणं वाटतं, आणि ते आहेच. त्याचं म्हणणं, ‘असणे’ वरच्या ओळीत घालून खाली नुसते शब्द ठेवू. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिसरी ओळ जोडली गेली नाही, म्हणून ते तसंच ठेवलंय. चौदा बाटल्या बाद झाल्या, त्या चौदा विहिरींवर पुन्हा जाऊन नमुने घेतले. या खेपेला बर्फ जास्त नेला होता.